व्याजाचा आकडा लिहा, पण लगेच मागू नका

*प्रश्न : जळगाव एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे, उद्यम नोंदणी जुनी आहे. रावेर तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याला 10 मार्चला 3,65,000 रुपयांचा माल दिला. मुदत 30 दिवसांची. 9 मे रोजी 73,000 आले, बाकी थकले. वादळात बागा आडव्या झाल्या, थोडं थांबा, म्हणतात. मुदतीनंतर वार्षिक 18 टक्के व्याज, असं बिलाखाली छापलंय आणि जानेवारीच्या दरपत्रावरही आहे. दरपत्रावर त्यांची सही आहे. पण पाच वर्षांत कधी व्याज घेतलं नाही. माणूस चांगला, लग्नकार्यात येणं-जाणं. व्याजाचं पत्र लिहिलं तर गिऱ्हाईक तुटेल का?*

दरपत्रावरची ती सही जपून ठेवा. बिलाखालच्या बारीक छापील ओळीवर वाद घालता येतो. ‘ती तुम्ही छापलीत, मी कुठे कबूल केली?’ असं समोरचा म्हणू शकतो. सही केलेल्या दरपत्रावर तसं म्हणता येत नाही. म्हणून पत्रात दरपत्राचा उल्लेख आधी करा, बिलाचा नंतर.

आता हिशेब. 3,65,000 वर 18 टक्क्यांनी रोजचं व्याज बरोबर 180 रुपये होतं. मुदत 9 एप्रिलला संपली. तिथून 9 मेपर्यंत 30 दिवस, म्हणजे 5,400 रुपये. त्या दिवशी 73,000 आले, बाकी राहिली 2,92,000 आणि रोजचं व्याज 144 वर आलं. पत्र 18 जूनचं धरलं तर आणखी 40 दिवस, म्हणजे 5,760. एकूण व्याज 11,160 रुपये.

तुमचा मुनीम म्हणेल की आलेले पैसे आधी व्याजात जमा धरायचे असतात. समोरच्याने कशापोटी देतो ते सांगितलं नसेल तर कायद्याने तसं धरताही येतं. पण तसं केल्याने तुमची एकूण येणी फक्त 106 रुपयांनी वाढतात. एवढ्यासाठी दोघांच्या वह्यांत मुद्दल वेगळं दिसेल आणि त्यांचा हिशेबनीस पहिल्याच ओळीला अडेल. 73,000 मुद्दलातच वळते करा आणि पत्रात तसं लिहा.

खरी अडचण त्या पाच वर्षांची आहे. व्याजाचं कलम असूनही कधी लावलं नाही, म्हणजे ते सोडूनच दिलं होतं, असा बचाव उद्या कोणी वकील घेईल. त्याला उत्तर म्हणजे आजचं पत्र. कलम जिवंत आहे हे त्यात एकदा दिसलं पाहिजे. दुसरी चूक याच्या उलट असते. माझ्या एका पक्षकाराने पैसे मागताना व्हॉट्सॲपवर लिहून टाकलं, ‘भाऊ, व्याजाचं राहू द्या, मुद्दल तेवढं द्या.’ मुद्दल वर्षभर आलं नाही. दाव्यात व्याज मागितलं तेव्हा तोच मेसेज समोर ठेवला गेला. करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे घेणेकरी आपलं येणं सोडून देऊ शकतो, आणि त्यासाठी मोबदलाही लागत नाही. म्हणून सूट द्यायची तर ती तारखेला बांधून द्या.

पत्र माझ्या लेटरहेडवर नको, तुमच्याच फर्मच्या कागदावर असू द्या. वकिलाचं नाव दिसलं की केळीवाला आधी आपल्या वकिलाकडे जातो, बँकेत नंतर. पत्र भाऊंच्या नावाने न लिहिता त्यांच्या फर्मला लिहा, म्हणजे ते हिशेबनिसाच्या टेबलावर जाईल आणि नात्याच्या मधे येणार नाही. मजकूर साधारण असा ठेवा :

‘स.न. आपल्या 10 मार्चच्या बिलापोटी 73,000 रुपये 9 मे रोजी मिळाले, ते मुद्दलात जमा केले आहेत. बाकी मुद्दल 2,92,000 रुपये. जानेवारीच्या दरपत्रानुसार आणि बिलावरील अटीनुसार मुदतीनंतर वार्षिक 18 टक्के व्याज लागू असून, 18 जूनपर्यंत ते 11,160 रुपये होते. वादळामुळे आपली अडचण झाली हे आम्ही जाणतो. 30 जूनपर्यंत पूर्ण मुद्दल आमच्या खात्यात जमा झाल्यास या बिलापुरतं सर्व व्याज आम्ही घेणार नाही. त्यानंतर मात्र करारानुसार व्याजासह हिशेब राहील. ही सवलत फक्त या बिलापुरती असून आमचे बाकीचे हक्क राखून दिलेली आहे. सोबत खातेउतारा जोडला आहे. तो बरोबर असल्यास खाली सही-शिक्का करून एक प्रत परत द्यावी, ही विनंती.’

यात व्याजाचा आकडा आहे, पण मागणी मुद्दलाचीच आहे. ‘या बिलापुरतं’ हे शब्द काढू नका, पुढच्या प्रत्येक बिलावर तुमचं कलम त्यांनीच टिकतं. आणि पत्राच्या डोक्यावर ‘विदाऊट प्रिज्युडिस’ लिहायचा मोह आवरा. तसा शिक्का पडला की सगळा पत्रव्यवहार तडजोडीचा होता, तो कोर्टात वाचू नका, असा आक्षेप येतो. तुम्हाला तर हेच पत्र आणि त्यावरची त्यांची सही उद्या पुरावा म्हणून हवी आहे. मुदतीच्या कायद्यात अशा वसुलीला तीन वर्षं असतात. ती संपायच्या आत येणं लेखी, सहीने मान्य झालं तर त्या सहीपासून तीन वर्षं पुन्हा नव्याने मोजली जातात.

उद्यम नोंदणीचं शस्त्र या पत्रात उपसू नका. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याने तुमच्यासारख्या उत्पादकाला उशिराच्या पैशावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने व्याज मिळू शकतं आणि त्यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं. ते दार बंद होत नाही. लेटरहेडवर फर्मच्या नावाखाली उद्यम क्रमांक छापा, बस. त्यांचा सीए तो बरोबर वाचतो.

व्याजाची डेबिट नोटही आज काढू नका. उशिराच्या व्याजावर जीएसटी लागतो, पण तो व्याज प्रत्यक्ष हातात पडल्यावर. सूट द्यायचं ठरलंय आणि नोट आधीच फाडली, तर ती रद्द करण्याची कटकट तुमच्याच मागे लागेल.

पत्र पाठवण्याआधी फोन करा. ‘भाऊ, हिशेबाचा एक कागद येतोय, ऑडिटसाठी सगळ्यांनाच पाठवतोय, त्यात सवलतीची तारीख आहे ती तेवढी बघा,’ एवढं पुरे. पण असं म्हणणार असाल तर खरंच सगळ्या थकबाकीदारांना पाठवा. रावेर-सावद्याच्या बाजारात कोणाला कागद गेला आणि कोणाला नाही, हे दोन दिवसांत कळतं. मग माणूस पाठवून प्रत द्या, पोचेवर सही घ्या, आणि तीच प्रत ईमेलनेही पाठवा.

30 जूनला पैसे आले नाहीत तर गप्प बसू नका. गप्प बसलं की तारखेला अर्थ नव्हता असं ठरतं. 1 जुलैलाच दोन ओळींचं पत्र द्या : सवलतीची मुदत संपली, आजपासून व्याजासह हिशेब, रोजचे 144 रुपये. आणि समजा पैसे 3 जुलैला पूर्ण आले, तर मी तुमच्या जागी असतो तर व्याज सोडलं असतं. फक्त ‘तीन दिवसांचा उशीर या वेळेपुरता माफ’ असं पावतीवर लिहून.