डबे नकोत, भाजणी करा

प्रश्न: मला स्वयंपाक उत्तम येतो, पण स्वयंपाकघर अगदी छोटं आहे. घरातून खाण्याचा कोणता व्यवसाय सुरू करू?

पोळीभाजीचे डबे सोडून काहीही करा. माझ्या ओट्यावर दोन बर्नरची शेगडी आणि परात मावते, बस. तरी "डब्याला मरण नाही" म्हणत दिरांनी मला आठ डबे लावून दिले. पहाटे पाचला कणीक, मग घरच्यांचे चहा-आंघोळी त्याच गोंधळात, आणि एखादा न कळवता गावी गेला की त्याचा डबा आम्हीच खायचा. सात महिन्यांत पाठ गेली.

दिवाळीत चकलीची भाजणी सुरू केली. तळणीचा धूर नाही, तेल नाही, आज भाजून उद्या दळली तरी चालतं. दीर म्हणाले, "पीठ कोण विकत घेतं?" अहो, चकली पाडायला सगळ्यांना आवडते. धान्य धुऊन, सावलीत वाळवून, एकेक वेगळं भाजायला कोणाला वेळ आहे?

माझं प्रमाण 1 किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, त्याच्या निम्मी मूगडाळ, वर धणे-जिरे. मंद आचेवर भाजायचं. डाळीला खमंग वास सुटला आणि तांदूळ दाताखाली कट्‌कन मोडला की झालं. गिरणीत गव्हावर दळू देऊ नका. तांदळावर नंबर लावा.

पहिल्याच वर्षी घोळ केला. गिरणीतून आलेलं पीठ गरमच असतं, ते मी तसंच पिशव्यांत भरून सील केलं. सकाळी पिशव्यांना आतून घाम. दोन आठवड्यांत पिठाच्या गुठळ्या झाल्या, कुबट वास आला आणि समोरच्या इमारतीतून तीन किलो परत आलं. सगळं फेकलं, पैसे परत दिले. आता पीठ रात्रभर सुती कापडावर पसरते आणि हाताला गार लागल्यावरच भरते.

दुसरी गोष्ट म्हणजे चकली बिघडली की गिऱ्हाईक पिठालाच नावं ठेवतं. म्हणून पाकिटात चिठ्ठी टाकते: 4 वाट्या भाजणीला पाव वाटी तेलाचं कडकडीत मोहन. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते. चिठ्ठी टाकल्यापासून तक्रारीचे फोन जवळपास थांबले.

हे दिवाळीच्या आधीचे दीड-दोन महिनेच जोरात चालतं, हे आधी सांगायला हवं होतं. बाकी वर्ष थालीपीठाच्या भाजणीवर निघतं, पण तिचा खप कमी. अन्नसुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेची, एफएसएसएआयची, नोंदणी करून तिचा क्रमांक पाकिटावर छापा. आणि दळणाचे पैसे, पिशवी, गिरणीत राहणारं पीठ हे सगळं धरूनच भाव काढा. मी पहिल्या वर्षी यातलं काहीच धरलं नव्हतं.

दिरांकडे दर दिवाळीला दोन किलो जाते. पैसे घेते.