स्लाइड मराठीत की इंग्रजीत: कपाशीच्या बैठकीचा अनुभव

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीवर काम करतो. पुढच्या महिन्यात गावच्या सभागृहात सादरीकरण आहे. समोर चाळीसेक शेतकरी, तालुक्याचे कृषी अधिकारी आणि निधी देणाऱ्या संस्थेचे पाच जण असतील. ते पाच हैदराबाद-दिल्लीचे, मराठी अजिबात येत नाही. स्लाइड मराठीत करू, इंग्रजीत की दोन्हीत? आणि ‘कामगंध सापळा’, ‘आर्थिक नुकसान पातळी’ हे शब्द ठेवू की सरळ ट्रॅप, ईटीएल लिहू? वेळ अर्धा तास आहे.

उत्तर:

बोलणार तुम्ही मराठीतच, हे धरून चालतो. चाळीस शेतकऱ्यांसमोर इंग्रजीत बोलून दुभाषी उभा केला की दहाव्या मिनिटाला मागची रांग चहाला जाते. प्रश्न फक्त पडद्याचा उरतो.

मी सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक स्लाइडवर सगळा मजकूर दोनदा लिहायचो, वर मराठी आणि खाली इंग्रजी. अक्षर बारीक व्हायचं आणि कोणीच काही वाचायचं नाही. नंतर लक्षात आलं की स्लाइड दोन वेगळ्या कामांसाठी लागते. ज्याला आपलं बोलणं कळत नाही त्याला ती कानाच्या जागी लागते. ज्याला बोलणं कळतं त्याला ती घरी न्यायला लागते. हल्ली शेतकरी मोबाइलवर फोटो काढतातच. म्हणून मी स्लाइड तयार करण्याआधी प्रत्येकीच्या मागे एकच प्रश्न लिहितो: ही बघून उद्या कोण काय करणार आहे?

तुमच्या विषयात त्याचं उत्तर सोपं आहे. बोंडं कधी फोडून बघायची, ट्रॅप किती लावायचे, फवारणी कधी करायची, फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक पुढे ठेवणं, का घ्यायची नाही, या स्लाइडवर शेतकरी काहीतरी करणार. त्या पूर्ण मराठीत ठेवा आणि तळाशी इंग्रजीची एकच ओळ द्या, पाहुण्यांना विषय कळेल एवढीच. किती गावं, किती खर्च, पुढच्या वर्षी काय, या स्लाइडवर निर्णय पाहुणे घेणार. तिथे उलटं करा, मजकूर इंग्रजी आणि मथळा मराठी. फोटो आणि आलेखांच्या स्लाइडवर मजकूर जवळजवळ नकोच. डोमकळीचा, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या फुलाचा, मोठा फोटो लावला की भाषा लागत नाही.

आता शब्दांकडे येतो, कारण घोळ खरा तिथेच होतो.

‘आर्थिक नुकसान पातळी’, म्हणजे कीड किती झाली की फवारणी करायची ती मर्यादा, मी एका बैठकीत पडद्यावर लावली होती. एका शेतकऱ्याने विचारलं, “म्हणजे एकरी किती रुपये गेले तर?” त्याचं काही चुकलं नव्हतं, शब्द तेच सांगतो. त्याला ‘ईटीएल’ म्हटलं असतं तरी काही उलगडलं नसतं. तेव्हापासून मी दोन्ही काढून टाकले आणि नियमच लिहायला लागलो: ‘एकरातून 20 हिरवी बोंडं तोडून फोडा. 2 किंवा जास्त बोंडांत अळी दिसली तर फवारणी.’ वीसात दोन म्हणजे दहा टक्के. कृषी अधिकाऱ्यांना ती पातळी लगेच ओळखता येते आणि पाहुण्यांसाठी तळाच्या इंग्रजी ओळीत ईटीएल हा शब्द येतोच. जिथे शब्दामागे कृती आहे तिथे शब्द सोडून कृती लिहावी, भाषेचा वाद आपोआप मिटतो.

‘कामगंध सापळा’ची, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग पकडणाऱ्या सापळ्याची, गोष्ट वेगळी आहे. हा शब्द चांगला आहे, कृषी विभागाच्या पत्रकांत आणि भित्तिपत्रकांवर तोच असतो, पण कृषी केंद्रात जाऊन कोणी कामगंध सापळा मागत नाही. तिथे ट्रॅप आणि त्यातलं गंधाचं आमिष म्हणजे लूर मागतात. मी पहिल्या स्लाइडवर फोटोखाली ‘कामगंध सापळा म्हणजे आपला ट्रॅप’ असं लिहितो आणि पुढे सगळीकडे ट्रॅपच वापरतो. अर्ध्या तासात एका वस्तूची दोन नावं आलटून पालटून आली तर माणूस त्या दोन वस्तू समजतो. कीटकनाशकांच्या बाबतीत तर मी नाव बाटलीवर असतं तसंच इंग्रजी अक्षरांत ठेवतो, शेजारी देवनागरी उच्चार, आणि जमलं तर लेबलचाच फोटो. दुकानात जाऊन बाटली जुळवायची असते.

डोमकळी, पाते, फरदड, किडक्या बोंडातली कवडी हे शब्द मात्र बदलू नका. इथे मराठी शब्दच जास्त नेमका आहे. अडचण उलट्या बाजूने येते. पात्याला, म्हणजे कपाशीच्या कळीला, इंग्रजीत स्क्वेअर म्हणतात. माझ्या एका सहकाऱ्याने इंग्रजी स्लाइडवरून घाईने मराठी करताना ‘चौकोनांवर अळीचा प्रादुर्भाव’ असं लिहून टाकलं. सभागृहात शेताचे चौकोन, वाफे, काय काय अर्थ निघाले. मराठी स्लाइड इंग्रजीवरून करू नका. आधी मराठीत लिहा, मग तिच्यावरून इंग्रजी ओळ काढा. तुमचं ज्ञान मराठीत शेतात जमलेलं आहे, त्यामुळे तो रस्ता सुरक्षित.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र ‘कापूस’ या साध्या शब्दाने केला, तोही माझ्याच स्लाइडवर.

आपण उभ्या पिकाला कपाशी म्हणतो, पऱ्हाटीही म्हणतो. वेचून घरी आणला तो कापूस, त्यात सरकी असते. जिनिंगमधून निघाली ती रुई. इंग्रजीत यातल्या सगळ्यांना घाईत ‘कॉटन’ म्हणून मोकळं होता येतं, आणि मी झालो. आमच्या गटाचं उत्पादन एकरी सहा क्विंटल होतं. पाहुण्यांसाठी मी ते हेक्टरवर नेलं: सहाला अडीचने गुणलं, पंधरा क्विंटल, म्हणजे हेक्टरी १५०० किलो. मथळा ‘कॉटन यील्ड’. दिल्लीहून आलेल्या बाईंनी सरळ विचारलं की देशाची सरासरी साडेचारशे किलोच्या आसपास असते, मग तुमच्याकडे तिप्पट कशी? मी गोंधळलो, शेतकरी एकमेकांकडे बघायला लागले, आणि मागे कोणीतरी म्हणालं, “सहा क्विंटलमध्ये कुठं तिप्पट आलं?”

घोळ असा होता: देशाची ती सरासरी रुईची असते. आमचा आकडा सरकीसह कापसाचा होता. कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, म्हणजे १५०० किलो कापसाची रुई सुमारे ५०० किलो. सरासरीपेक्षा थोडं बरं, तिप्पट वगैरे काही नाही. त्या दिवशी वीस मिनिटं हे निस्तरण्यात गेली आणि बोंडअळीवर बोलायला दहा राहिली. खोटं कोणी बोललं नव्हतं, पण पाहुण्यांच्या चेहऱ्यावर शंका राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून मराठीत ‘सरकीसह कापूस’ आणि इंग्रजीत ‘सीड कॉटन’, हे दोन शब्द मी उत्पादनाच्या स्लाइडवर कधीच गाळत नाही. तुम्ही तुमची इंग्रजी ओळ लिहून झाली की तिच्यात ‘कॉटन’ हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: पीक, कापूस की रुई?

याच कारणाने एककंही ठरवून घ्या. शेतकऱ्यासाठी एकर आणि क्विंटल, पाहुण्यांसाठी हेक्टर आणि किलो, पण एकाच आलेखावर दोन्ही नको. पाच ट्रॅप हेक्टरी ही शिफारस मराठी स्लाइडवर ‘एकरी 2 ट्रॅप’ अशीच लिहा. ‘हेक्टरी 5’ लिहिलं की अडीच एकरवाल्याला हिशोब करावा लागतो आणि एक एकरवाला पाच लावतो किंवा लावतच नाही. आकडे मी स्लाइडवर 1, 2, 3 असेच ठेवतो, मराठी मजकुरातसुद्धा. पत्रात किंवा पुस्तकात मला ते खटकेल, पण इथे हैदराबादच्या माणसाला देवनागरी ५ आणि ६ वाचता येतीलच असं नाही, आणि शेतकरी दोन्ही वाचतो.

फॉन्टबद्दल थोडक्यात. जुन्या काळात श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये करून घ्या, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर त्याची नुसती चिन्हं दिसतात. Mukta किंवा Noto Sans Devanagari घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत इंग्रजी अक्षरंही आहेत. त्याच मापाला देवनागरी इंग्रजीपेक्षा बारीक दिसते, वर-खाली मात्रा-उकार येतात ना. म्हणून मराठी 32 ठेवली तर इंग्रजी ओळ 20 ला पुरते, आणि दोन ओळींत अंतर जरा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. पेनड्राइव्हवर पीडीएफ सोबत असू द्या.

बोलताना प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसू नका, अर्ध्या तासाचा तास होतो. मी विषय बदलला की तेवढ्यापुरती इंग्रजीत दोन वाक्यं बोलतो आणि मराठीत परत येतो. प्रश्नोत्तरात मात्र उलट शिस्त पाळतो. शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न आधी इंग्रजीत सांगायचा, मग उत्तर मराठीत द्यायचं. पाहुण्यांच्या प्रश्नाचं आधी मराठी करायचं. यामुळे शेतकऱ्यांना कळतं की हे लोक नेमकं काय विचारायला आले आहेत, आणि माझ्या अनुभवात बैठकीतला सगळ्यात चांगला भाग बहुतेक वेळा तिथेच निघतो. एकदा निधीवाल्यांनी विचारलं की फरदड बंद का होत नाही. मी मराठीत सांगून उत्तर द्यायच्या आत एक आजोबा म्हणाले, “कपाशी काढून हरभरा घ्यायचा, तर त्याला पाणी कुठं आहे?” हे माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं.

पाहुण्यांच्या हातात आधीच एक पान ठेवा: पाते, बोंड, डोमकळी, फरदड, कवडी, सरकी, रुई, ट्रॅप. आठ शब्द, रोमन अक्षरांत उच्चार आणि पुढे एका ओळीत अर्थ. डोमकळीपुढे ‘आत अळी असल्यामुळे न उमलणारं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल’ एवढं इंग्रजीत पुरे. मग तुम्ही बोलताना हे शब्द त्यांच्या कानावर पडले की ते पानात शोधतात आणि मराठी वाक्यालाही धरून राहतात.

आणि बैठकीच्या तीन-चार दिवस आधी कृतीच्या स्लाइड गावातल्या एकाला मोबाइलवर दाखवा, तुम्ही एक शब्दही न बोलता. त्याने वाचून उद्या काय करणार ते सांगायचं. ‘वीस बोंडं फोडणार’ म्हणाला तर स्लाइड झाली. ‘चांगलं आहे’ म्हणाला तर परत लिहा.