‘चिकाटी’ की ‘कौल’? यी चिंगमधली कुटुंबाची आकृती

प्रश्न : नवरा-बायकोच्या नात्याबद्दल विचारून यी चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथाची नाणी टाकली. ३७ वी, ‘कुटुंब’ ही सहा रेषांची आकृती आली, खालून तिसरी रेषा बदलती. माझ्याकडच्या मराठी टिपणात ‘स्त्रीची चिकाटी लाभदायक’ असं आहे. इथे ‘चिकाटी’ हाच शब्द बरोबर का? आणि मग बायकोनंच सगळं धरून ठेवायचं, असा अर्थ घ्यायचा का?

‘चिकाटी’ मराठीत आली ती बहुधा इंग्रजीवरून, आणि इंग्रजीत ती जर्मनवरून आली होती. रिचर्ड विल्हेल्म यांचा जर्मन अनुवाद १९२४ साली निघाला, त्याचा इंग्रजी अवतार १९५० मध्ये. त्यात एका चिनी अक्षराला सगळीकडे ‘चिकाटी’ या अर्थाचाच शब्द वापरला आहे. त्याआधी, १८८२ मध्ये, जेम्स लेग यांनी याच जागी ‘ठाम आणि योग्य’ अशा अर्थाचे शब्द घातले होते. म्हणजे जुन्या अनुवादकांचंही यावर एकमत नव्हतं.

मूळ वचनात आकृतीच्या नावानंतर तीनच अक्षरं आहेत : ली, न्यू, चन्. ली म्हणजे लाभ, न्यू म्हणजे स्त्री. सगळं घोडं अडतं ते ‘चन्’पाशी. चीनमध्ये आन्-यांगला शांग राजघराण्याच्या काळातली कासवाची कवचं आणि बैलांच्या खांद्याची हाडं सापडली. त्यांवर कोरलेल्या मजकुरात हे अक्षर पुन्हा पुन्हा येतं : अमुक दिवशी अमक्यानं हाड तापवून ‘चन्’ केलं, आणि पुढे प्रश्न. तिथे त्याचा अर्थ सरळ आहे, दैवाला विचारणं. इसवी सन १०० च्या सुमाराच्या चिनी कोशातही हाच अर्थ दिला आहे. आपल्याकडे कोकणात नि गोव्यात देवाला ‘कौल लावतात’, तीच ही क्रिया. त्यामुळे अगदी जुन्या थरात हे वचन एवढंच म्हणत असावं : ‘कौल स्त्रीनं लावला तर अनुकूल.’ सोसण्याचा तिथे मागमूसही नाही.

‘ठाम, योग्य, खरं’ हा अर्थ नंतरचा, भाष्यकारांच्या काळातला. तुम्ही नात्याबद्दल विचारलंत, म्हणून भाष्याचा थर टाळून चालणार नाही. पण तो अर्थ घेतला तरी ‘चिकाटी’ मला पटत नाही. चिकाटी म्हणजे काही झालं तरी लावून धरणं. इथे मुद्दा आपल्या जागी नीट असण्याचा आहे. हे आकृतीच्या रेषा पाहिल्या की लगेच दिसतं.

रेषा खालून वर मोजतात. पहिली, तिसरी, पाचवी ही जागा सलग रेषेची, म्हणजे यांगची. दुसरी, चौथी, सहावी तुटक रेषेची, म्हणजे यिनची. या आकृतीत खाली अग्नी आहे, वर वारा. रेषा खालून अशा : सलग, तुटक, सलग, तुटक, सलग, सलग. पहिल्या पाचही आपापल्या जागी आहेत, फक्त सर्वांत वरची चुकीच्या जागी. दुसरी तुटक रेषा खालच्या तीनच्या मधोमध आणि पाचवी सलग रेषा वरच्या तीनच्या मधोमध. या दोघी एकमेकींच्या जोडीच्या, म्हणून हीच बायको आणि हाच नवरा. भाष्यात येतं : ‘स्त्रीची योग्य जागा आत, पुरुषाची बाहेर.’ हे वाक्य स्वयंपाकघर आणि कचेरी यांच्याबद्दल आहे असं आपण लगेच धरतो. भाष्यकाराच्या मनात तेही होतंच, त्याचा काळ तसाच होता. पण खालच्या तीन रेषांना परिभाषेतच ‘आतली’ त्रिरेषा म्हणतात आणि वरच्या तीनना ‘बाहेरची’. म्हणजे हे वाक्य आधी दुसऱ्या आणि पाचव्या रेषेचं वर्णन आहे. शिवाय पाचव्या रेषेवरच्या टीपेत हुकुमाचा शब्दही नाही. ‘एकमेकांवर प्रेम करतात’ असं म्हटलं आहे. वाचणारे ही टीप सहसा गाळतात.

आता तुमची तिसरी रेषा. तीनही नाणी छापा पडली असणार : प्रत्येकी तीन धरून बेरीज नऊ, म्हणजे सलग पण बदलणारी. बारावं शतक गाजवणाऱ्या चू शी यांचा नियम असा की एकच रेषा बदलती असेल तर मूळ आकृतीतलं त्या रेषेचं वचन मुख्य धरायचं. दुसऱ्या रेषेच्या वचनात अन्नपाण्याची व्यवस्था स्त्रीकडे दिली आहे. अनेक जण तेच उचलून उपदेश करतात. तुमच्या कौलात ती रेषा स्थिर आहे, तेव्हा ती बाजूला ठेवा.

तिसऱ्या रेषेचं वचन दोन ध्वनिशब्दांवर उभं आहे, ‘ह-ह’ आणि ‘शी-शी’. हे मराठीत आणणं सोपं आहे, कारण आपल्याकडे ‘खेकसणं’ आणि ‘खिदळणं’ तयार आहेत : ‘घरातली माणसं खेकसतात : पश्चात्ताप, धोका, तरी शुभ. बायका-पोरं खिदळतात : शेवटी नामुष्की.’ कानाला हे कडक लागतं, आणि आहेच. पण खेकसणारा नवरा, असं वचनात कुठेही नाही. कर्ता ‘घरातली माणसं’ एवढाच आहे. आणि याच आकृतीच्या भाष्यात ‘घराला कडक धनी असतात’ असं म्हणून लगेच खुलासा केला आहे : ते म्हणजे आई आणि बाप. कडकपणाचा मक्ता एकट्या पुरुषाला दिलेला नाही. खिदळण्यावरची टीपही हसण्याला दोष देत नाही. घराचं ‘च्ये’ सुटलं, असं म्हणते. या अक्षराचा मूळ अर्थ बांबूचं पेर, त्यावरून मर्यादा, प्रमाण. सगळे आपापल्या परीनं मोकळे आणि कुणालाच कशाचा हिशेब नाही, अशा घराचं ते वर्णन आहे.

तिसरी सलग रेषा तुटक झाली की खाली अग्नीच्या जागी मेघगर्जना येते, वर वारा तसाच. ही ४२ वी आकृती, ‘वाढ’. तिचं भाष्य म्हणतं, वरचं कमी करून खालच्याला द्यावं. तुमच्या प्रश्नात वरचढ कोण आहे हे तुम्हालाच ठाऊक; आकृती ते नवऱ्यावर किंवा बायकोवर शिक्का मारून सांगत नाही. ‘नियम कडक करा’ एवढंच घेऊन कुणी उठलं तर त्यानं हा दुसरा भाग वाचलेलाच नसतो.

टिपणात मी असा बदल करीन : मुख्य वचनात ‘स्त्री आपल्या जागी ठाम असणं हिताचं’, आणि खाली बारीक अक्षरात ‘जुना अर्थ : कौल स्त्रीनं लावावा’. ‘निष्ठा’ मात्र टाळा. तो शब्द आला की मराठी वाचक पातिव्रत्याकडे जातो, आणि मूळ तीन अक्षरांत तसलं काही नाही. नाणी घरात कुणी टाकली होती, तेही टिपणात लिहून ठेवा. जुन्या अर्थानं पाहिलं तर वचन त्याबद्दलच आहे.