वहीत नफा, तरी तोटा कसा?

प्रश्न : जमीन स्वतःची, कर्ज नाही, राबतो आम्ही दोघं नवरा-बायकोच. यंदा 7 लाख 20 हजार आले, 4 लाख 80 हजार खर्च झाला, म्हणजे 2 लाख 40 हजार सुटले. भाऊ म्हणतो, "तुम्ही तोट्यात आहात." खरं का?

उत्तर : तुमची वही चुकलेली नाही. खर्चात अवजारांची वार्षिक घट धरली असेल, तर 2 लाख 40 हजार हा हिशेबी नफा बरोबर आहे, आणि कागदोपत्री तोच लागतो. पण वहीत फक्त बाहेर गेलेला पैसा उतरतो. जमीन, तुमचे दिवस आणि अडकलेलं भांडवल दुसरीकडे लावलं असतं तर काय मिळालं असतं, ते तिथे येत नाही. तेही वजा केल्यावर उरतो तो आर्थिक नफा.

उदाहरणादाखल आकडे धरू. जमीन खंडाने दिली तर 90 हजार येतील. दोघांचे मिळून 300 दिवस, 500 रुपये रोजाने दीड लाख. अवजारं आज विकली तर 6 लाख येतील, शिवाय बी-खतात वर्षभर सरासरी 2 लाख अडकलेले. 8 लाखांवर 7 टक्क्यांनी 56 हजार. बेरीज 2 लाख 96 हजार, म्हणजे आर्थिक तोटा 56 हजार. भावाचा हिशेब बहुधा असाच असणार.

माझी हरकत त्या 300 दिवसांवर आहे. रोज धरायचा तो खरोखर मिळू शकणाऱ्या कामाचा. त्यातल्या 180 दिवसांनाच बाहेर काम मिळालं असतं, तर मजुरी 90 हजारच धरावी. मग तोटा जाऊन 4 हजार आर्थिक नफा दिसतो. म्हणजे शेती सोडून सगळं दुसरीकडे लावलं असतं तरी हातात जवळपास एवढंच आलं असतं. आर्थिक नफा शून्याजवळ असणं म्हणजे उपाशी राहणं नव्हे. मजुरी, खंड आणि व्याज तुम्हाला सुटलेलंच असतं.

दोन ठिकाणी हिशेब हमखास फसतो. अवजारं 11 लाखांना घेतली म्हणून व्याज 11 लाखांवर लावू नका. गेलेली रक्कम परत येत नाही, आज विकून येईल तेवढीच किंमत धरा. आणि जमिनीचा खंड धरलात, तर तिच्या किमतीवर वेगळं व्याज लावू नका, एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

एका वर्षाच्या आकड्यावरून जमीन खंडाने देऊ नका. भाव पडलेलं वर्ष असेल तर चित्र फसवं दिसतं. तीन हंगाम हाच हिशेब मांडा. त्यासाठी दोघांच्या कामाचे दिवस वहीत रोजच्या रोज लिहा आणि त्या दिवशी बाहेर काम मिळालं असतं का, त्यापुढे खूण करा. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेले दिवस बहुतेक वेळा जास्तच भरतात.