टेलिमेट्री दोन किलोमीटर जाते, व्हिडिओ का नाही? लिंक बजेटचा हिशोब

प्रश्न: दौंडकडे उसाच्या पट्ट्यात पिकाची पाहणी करायला ड्रोन उडवतो. ८६६ मेगाहर्ट्झची १०० मिलीवॅटची टेलिमेट्री दोन किलोमीटरला ठणठणीत चालते, पण ५.८ गिगाहर्ट्झच्या २०० मिलीवॅट ॲनालॉग व्हिडिओत सव्वा किलोमीटरलाच मुंग्या येतात. ८०० मिलीवॅटचा ट्रान्समीटर घेऊ की अँटेना बदलू? विकत घेण्याआधी गणित करून कळेल का?

उत्तर:

कळेल, आणि नुसता ८०० मिलीवॅटचा ट्रान्समीटर घेऊन तुमचं काम होणार नाही हेही त्याच गणितातून दिसतं. सूत्र एवढंच आहे:

```
FSPL = 32.44 + 20*log10(d_km) + 20*log10(f_MHz)
Prx  = Ptx + Gtx + Grx - cable_loss - FSPL
margin = Prx - sensitivity
```

पॉवर डीबीएममध्ये, अँटेनाचा गेन डीबीआयमध्ये घ्या. १०० मिलीवॅट म्हणजे २० डीबीएम, २०० म्हणजे २३. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. अंतर दुप्पट करायला मात्र ६ डेसिबल लागतात, म्हणजे चौपट पॉवर.

आधी टेलिमेट्री. दोन किलोमीटरला ८६६ मेगाहर्ट्झचा मोकळ्या हवेतला ऱ्हास, म्हणजे सूत्रातला FSPL, ९७.२ डेसिबल येतो. दोन्हीकडे २ डीबीआयच्या काडी अँटेना आणि केबल-कनेक्टरचा १ डेसिबल तोटा धरला, तर रिसीव्हरला -७४.२ डीबीएम मिळतात. ६४ केबीपीएस एअर स्पीडला रिसीव्हरची संवेदनशीलता सावधपणे -१०५ धरा. डेटाशीटवरचा -१२० च्या आसपासचा आकडा सगळ्यात कमी स्पीडचा असतो, तो इथे चालत नाही. तरीही ३१ डेसिबल शिल्लक राहतात, म्हणून ती ठणठणीत आहे.

आता व्हिडिओ. तेच दोन किलोमीटर, पण ऱ्हास ११३.७. हा साडेसोळा डेसिबलचा फरक हवा खात नाही. २ डीबीआयचा अँटेना ५.८ गिगाहर्ट्झला आकारानेच छोटा असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला येणारी लहरही तेवढीच थोडी. त्यात ॲनालॉग व्हिडिओ सुमारे १८ मेगाहर्ट्झ रुंद असतो, म्हणून रिसीव्हर सिग्नलबरोबर नॉइजही भरपूर उचलतो. नॉइज आणि एफएमला त्याच्या वर लागणारा सिग्नलचा फरक धरला, तर स्वच्छ चित्रासाठी साधारण -८५ डीबीएम हवेत. तुम्हाला दोन किलोमीटरला -८७.७ मिळतात. सव्वा किलोमीटरच्या आसपास जेमतेम दीड डेसिबल उरतो, आणि मुंग्या नेमक्या तिथेच सुरू होतात. तुमचा अनुभव आणि गणित जुळतंय, म्हणजे वायरिंगमध्ये मोठा दोष नाही.

शून्य शिलकीवर उडवू नये. ड्रोन वळताना कार्बनची फ्रेम आडवी येते, अँटेना तिरका होतो, जमिनीवरून परावर्तित लहर मूळ लहरीला खाते. यासाठी किमान १० डेसिबल राखून ठेवा. त्या हिशोबाने तुमची आजची खरी रेंज साडेचारशे मीटर आहे. फक्त ८०० मिलीवॅट लावलं तर ६ डेसिबल वाढून ती सव्वानऊशेच्या आसपास जाईल. ट्रान्समीटर तापेल आणि बॅटरी खाईल ते वेगळंच.

त्यापेक्षा जमिनीवरचा अँटेना बदला. रिसीव्हरचा गेन वाढवला तर ड्रोनवर एक ग्रॅमही वजन चढत नाही, उष्णता नाही, प्रसारित पॉवरही वाढत नाही. २ ऐवजी १२ डीबीआयचा सर्क्युलर हेलिकल घेतला की १० डेसिबल मिळतात, आणि ४०० मिलीवॅटचे आणखी ३. एकूण शिल्लक १०.३, म्हणजे दोन किलोमीटर पूर्ण. याची किंमत म्हणजे दिशा: बीम साधारण ४० अंशांचा, दोन किलोमीटरवर जेमतेम दीड किलोमीटर रुंद. ड्रोन डोक्यावर किंवा पाठीमागे आला की हा अँटेना आंधळा होतो. म्हणून डायव्हर्सिटी रिसीव्हर घ्या, एका पोर्टला हेलिकल आणि दुसऱ्याला जुना ओम्नी.

घेताना ध्रुवीकरण पाहा. ड्रोनवर RHCP, म्हणजे उजव्या फिरकीचा अँटेना असेल तर खालीही RHCPच हवा. एक RHCP आणि दुसरा डाव्या फिरकीचा LHCP झाला तर २० डेसिबलच्या आसपास उडतात आणि दोन्ही अँटेना निर्दोष असूनही चित्र येत नाही. तसंच SMA आणि RP-SMA: आटे एकमेकांवर घट्ट बसतात, पण मध्ये पिनच नसेल तर जोड होतच नाही. दहा मीटरवर चित्र येतं, शंभरवर जातं, आणि माणूस पॉवरला दोष देत बसतो. आणखी एक, हेलिकल मास्टवर चढवला तर रिसीव्हरही त्याच्याजवळच लावा. पातळ RG-316 केबल ५.८ गिगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे ३ डेसिबल खाते. चार मीटर ओढली तर नव्या अँटेनाचा सगळा फायदा केबलमध्येच संपेल.

मास्ट मात्र हवाच, तुमच्या ठिकाणी तर हमखास. ट्रायपॉड २ मीटरवर आणि ड्रोन दोन किलोमीटर लांब, ६० मीटर उंचीवर असेल, तर ३० मीटर अंतरावर दृष्टिरेषा जमिनीपासून फक्त २.९ मीटर उंच असते. तिथे ३ मीटरचा ऊस उभा असेल तर लहर पानांतून जाते, आणि ओली पानं ५.८ गिगाहर्ट्झ गिळतात. नुसती रेषा मोकळी असणंही पुरत नाही. शंभर मीटरवर रेषा ४.९ मीटरला असते, म्हणजे उसाच्या वर १.९ मीटर. दृष्टिरेषेभोवती लहर ज्या जागेतून जाते त्या फ्रेनेल झोनचा ६० टक्के भाग मोकळा ठेवायला तिथे व्हिडिओला १.३ मीटर पुरतात, पण टेलिमेट्रीला ३.४ मीटर लागतात. टेलिमेट्रीची ३१ डेसिबलची शिल्लक यातच थोडी खर्ची पडते. अँटेना ५ मीटरवर नेला की दोन्ही प्रश्न सुटतात. तोडणीनंतर तीच जागा एकदम चांगली वाटेल, पण तेवढ्यावर पुढच्या हंगामाची रेंज ठरवू नका.

शेवटी मोजून घ्या. मिशन प्लॅनरच्या Status टॅबमध्ये `rssi`, `remrssi`, `noise` आणि `remnoise` दिसतात. SiK रेडिओचे आकडे डीबीएममध्ये असे बदलतात:

```
dBm = rssi / 1.9 - 127
```

ड्रोन ५०० मीटरवर, समोर मोकळं असताना तुमच्या टेलिमेट्रीला -६२ डीबीएम, म्हणजे `rssi` १२३ च्या आसपास दिसायला हवा. ९५ दिसला तर -७७ झाले, म्हणजे १५ डेसिबल कुठेतरी गळताहेत: काडी कार्बनच्या हाताला चिकटली आहे, जागेवर आडवी बसली आहे किंवा कनेक्टर चुकीचा आहे. `remrssi` बरोबर असूनही `remnoise` शंभराच्या जवळ असेल, तर तो ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचा किंवा कंपेनियन कंप्युटरचा गोंगाट असू शकतो. एकेक उपकरण बंद करून पाहा. `rssi` ठीक आणि `remrssi` खाली, असं दिसलं तर जमिनीवरून ड्रोनकडे जाणारी बाजू तपासा. ही चाचणी कोथरूडच्या गच्चीवर करू नका. शेजारच्या वायफायमुळे ५.८ चा नॉइज एवढा चढलेला असतो की दौंडच्या शेताबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

टेलिमेट्रीचं मॉड्यूल बदलायची वेळ आली तर ८६८ चं घ्या आणि ८६५ ते ८६८ मध्येच ठेवा. ऑनलाइन सहज मिळणारा ९१५ चा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त नाही. आणि लिंक दोन किलोमीटर पुरली तरी ड्रोन नजरेआड नेण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. उड्डाणाआधी डिजिटल स्काय नकाशावर तुमच्या शेताचा झोन बघून घ्या.