आधी त्यांचं घोरणं नीट ऐका

'ताई, माझं वय ५१, ह्यांचं ५६. ह्यांच्या घोरण्यामुळे मला रात्री जेमतेम तीन तास झोप मिळायची. मधेच आवाज थांबतो, सुटले असं वाटतं, तोच हे दचकल्यासारखे होतात आणि पुन्हा सुरू. चार महिन्यांपूर्वी मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. एका रात्री वैतागून उशी उचलली आणि तिच्या खोलीत गेले, मी अजून तिथेच झोपते. हे काही बोलले नाहीत. पण हल्ली जेवले की टीव्हीसमोर पेंगतात, जवळ येणं तर बंदच झालंय. नणंद म्हणाली, अशाने संसार विस्कटतो. माझं चुकलं का?'
– एक वाचक, चिंचवड

झोपायला वेगळ्या खोलीत गेलात यात काही चुकलं नाही. रात्रभर जागून सकाळी डबे करणाऱ्या बाईला नवऱ्याचा राग येऊ लागतो, आणि तो राग एका गादीवर झोपल्याने कमी होत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. आवाज मधेच थांबतो, तेव्हा तुम्हाला सुटल्यासारखं वाटतं. ताई, त्या वेळी बहुधा त्यांचा श्वास थांबलेला असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू त्यांना अर्धवट जागं करतो. ते दचकणं म्हणजे हेच. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. ज्याला होतो त्याला सकाळी यातलं काहीच आठवत नाही, ते कळतं फक्त शेजारी झोपणाऱ्याला. तुम्ही खोली बदललीत आणि हे ऐकणारं कुणी उरलं नाही.

म्हणून एक रात्र त्यांच्या खोलीत बसा. चोरून नको, त्यांना आधी सांगून. झोप गाढ झाली की फोनवर दहा-पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, छातीची हालचाल दिसेल असं. ते उताणे झोपलेले असताना केलंत तर जास्त बरं, कारण तेव्हा त्रास वाढतो. मग ते घेऊन दोघं मिळून कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा. सकाळी डोकं दुखतं का, बीपी आहे का, गाडी चालवताना डुलकी लागते का, हेही सांगा. डुलकी लागत असेल, तर तपासणी होईपर्यंत गाडी त्यांच्या हातात देऊ नका.

डॉक्टर झोपेची तपासणी सांगतील. आता ती बऱ्याचदा घरीही होते: बोटाला एक सेन्सर, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, आणि एक रात्र. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला, हे त्यात मोजतात. पाचच्या आत असेल तर चिंता नाही, तीसच्या पुढे गेलं तर आजार तीव्र. अशा वेळी बहुधा सीपॅप सुचवतात. हे मशीन मास्कमधून हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवतं. पहिले काही आठवडे मास्क नकोसा होतो, अनेक जण तिथेच सोडून देतात. तेव्हा तुमची साथ लागेल. अहवालात काही निघालं नाही तर नुसतं घोरणं आहे: कुशीवर झोपणं, वजन उतरवणं आणि संध्याकाळी घेत असतील तर दारू बंद करणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

जवळ येणं बंद झालं त्याचा दोष सगळा भिंतीला देऊ नका. या आजारात पुरुषांची इच्छा आणि ताकद दोन्ही मंदावू शकतात. टीव्हीसमोरचं पेंगणं हा रुसवा नसून थकवा असू शकतो. डॉक्टरांना हेही विचारा, लाजू नका.

राहिली दुसरी गोष्ट. तुम्ही खोली बदललीत ती न बोलता, रागाच्या रात्री. त्यांच्या लेखी ती शिक्षा झाली असेल. आमच्याकडे सहा वर्षं दोन खोल्या आहेत. मला रात्री एकपर्यंत वाचायचं असतं, हे पहाटे चारला उठतात. पण आम्ही ते दिवसाउजेडी, चहा पिताना ठरवलं. साडेदहापर्यंत मी त्यांच्याच पलंगावर असते. त्यांच्या गुडघ्याला तेल लावते, दिवसभराचं बोलणं होतं, मग दिवा मालवून मी माझ्या खोलीत जाते. माझी एक उशी अजून तिथेच आहे. कधी गप्पा लांबल्या तर तिथेच राहते.

तुम्हीही त्यांना मोकळेपणी सांगा, 'मी तुमच्यावर रुसून गेले नाही, मला झोप येत नव्हती. आणि तुमचा श्वास थांबतो याची मला भीती वाटते.' हे रात्री नको, रविवारी सकाळी सांगा. नणंदेला तूर्त काहीही उत्तर देऊ नका. रेकॉर्डिंगमध्ये काय दिसलं आणि डॉक्टर काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.