प्राथमिक साधन की दुय्यम, हे कसं ठरवायचं?

प्रश्न: इतिहासाच्या असाइनमेंटमध्ये दिलेलं साधन किती उपयुक्त आहे ते विचारलंय. जुनं पाठ्यपुस्तक प्राथमिक धरायचं की दुय्यम?

उत्तर: ते पुस्तकावर नाही, तुमच्या प्रश्नावर ठरतं. ज्या गोष्टीबद्दल विचारलंय तिचा थेट पुरावा म्हणजे प्राथमिक साधन, आणि तिच्याबद्दल दुसऱ्याने केलेलं वर्णन म्हणजे दुय्यम. समजा, जर्मनीतलं 1938 चं शालेय पुस्तक आहे आणि त्यात 1919 च्या व्हर्सायच्या तहावर धडा आहे. प्रश्न तहाच्या अटींचा असेल तर ते दुय्यम साधन, आणि कच्चंही. अटींसाठी तहाचा मजकूरच पाहावा. पण नाझी राजवटीत मुलांना काय शिकवलं जायचं, असा प्रश्न असेल तर तेच पुस्तक प्राथमिक होतं. मग त्यातला एकांगीपणा हाच पुरावा ठरतो. ‘पक्षपाती, म्हणून निरुपयोगी’ असं लिहून बहुतेकजण इथेच गुण घालवतात.

मर्यादा मात्र नेमकी सांगा: काय शिकवायचं ठरलं होतं ते पुस्तकातून कळतं, मुलांना ते किती पटलं हे कळत नाही. त्यासाठी तेव्हाच्या डायऱ्या किंवा पत्रं लागतील. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणीही प्राथमिकच, फक्त मधल्या वर्षांत स्मृती बदललेली असू शकते. म्हणून लेबल एका वाक्यात उरका आणि बाकी जागा ‘कशासाठी उपयुक्त’ याला द्या.